केरळात माणसं जास्त मरतात का?

नमुना नोंदणी पाहणीतले २०२० चे दोन आकडे शेजारी ठेवा. बिहारमध्ये त्या वर्षी दर हजारी मृत्यू ५.४, केरळात ७.०. हे वाचून कुणाला वाटेल, बिहारचं आरोग्य बरं. पण त्याच वर्षी जन्मलेल्या हजार बाळांपैकी वर्षाच्या आत दगावणारी बिहारमध्ये २७ होती, केरळात फक्त ६.

हे कोडं सुटतं ते लोकसंख्येच्या मनोऱ्यात. मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खालून वर पाच-पाच वर्षांचे वयोगट. २०११ च्या जनगणनेत बिहारच्या दर हजार माणसांत सुमारे ४०० जण पंधरा वर्षांखालचे होते आणि साठी ओलांडलेले जेमतेम ७५. केरळात हेच आकडे अंदाजे २३५ आणि १२५. बिहारचा पाया रुंद नि शेंडा टोकदार. केरळचा पाया आवळलेला, माथा भरलेला. म्हातारी माणसं जास्त असली की मृत्यूही जास्त होणार. केरळचा ‘वाईट’ मृत्युदर हा लोक दीर्घायुषी झाल्याचा परिणाम आहे.

हा फरक पडतो संक्रमणाच्या टप्प्यांमुळे. पहिल्या टप्प्यात जन्म खूप, मृत्यूही खूप. साथी आणि दुष्काळांमुळे १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या चक्क घटली होती. दुसऱ्यात मृत्यू घटतात, पण घरातली मुलं तेवढीच राहतात, म्हणून लोकसंख्या फुगते. तिसऱ्यात जन्मही उतरू लागतात. बिहार आज इथे आहे. चौथ्यात दोन्ही कमी होतात, आणि केरळ तिथे कधीच पोचलं.

बिहारला आज हवंय ते सुरक्षित बाळंतपण, लसीकरण, कुपोषित मुलांसाठी आहार. शिवाय तिथे प्रत्येक जोडप्याने उद्यापासून दोनच मुलं होऊ दिली, तरी रुंद पायातल्या मुली पुढची वीसेक वर्षं आई होत राहतील. प्रसूतीच्या खाटा म्हणून लगेच कमी करता येणार नाहीत. केरळची गरज निराळी: मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा. कमावती माणसं आखातात गेलेली, घरी वृद्ध आईवडील. म्हणून २००८ च्या धोरणानुसार तिथल्या पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाते, जखमेची मलमपट्टी करते, मूत्रनलिका बदलते, वेदनेवरची औषधं देते.

मनोरा वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे वय विचारलं की लोक ‘असेल साठ’ असा पूर्णांक सांगतात. त्यामुळे साठीचा गट खऱ्यापेक्षा फुगतो, अलीकडचा रोडावतो. असा खाचखळगा दिसला की त्याला रोगराई समजण्याआधी वयाची नोंद तपासावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. केरळात १.८.