चमचा ऋणाग्राला, तांबे धनाग्राला

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीच्या शिवारांच्या जोडीने संत्र्याच्या बागाही आहेत. डिंक्या रोगापासून झाड वाचवण्यासाठी बागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरतात. फवारणीसाठी एक टक्क्याचे मिश्रण लागते, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मिश्रण तयार झाले की जाणता शेतकरी त्यात घासलेला लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतो.

हा तांबूस थर म्हणजे खरेखुरे तांबे. त्यासाठी बॅटरी लागत नाही. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः द्रावणात उतरते, आपले इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांना देते आणि ते आयन तांबे होऊन त्याच जागी बसतात. मात्र हा थर भुसभुशीत असतो आणि बोटाने पुसला की निघतो. शिवाय लोखंड झाकले गेले की क्रिया मंदावते, त्यामुळे थर फार जाडही होत नाही. टिकाऊ, चकाकणारा मुलामा हवा असेल तर इलेक्ट्रॉन बाहेरून पुरवावे लागतात. विद्युत विलेपन म्हणतात ते हेच. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात धातूंचे क्षरण थांबवण्याच्या उपायांमध्ये त्याचा उल्लेख येतो आणि उदाहरण म्हणून चांदीचा मुलामा दिलेले चमचे समोर येतात.

परीक्षेत नेमके इथेच गुण जातात. चमचा धनाग्र की ऋणाग्र? पाठ केलेले उत्तर दोन महिन्यांत उलटे होते. कारण समजले, तर उलटे होण्याची शक्यताच राहत नाही.

द्रावणात तांब्याचा आयन दोन धनप्रभार घेऊन फिरत असतो. त्याला धातू व्हायचे तर दोन इलेक्ट्रॉन मिळाले पाहिजेत. बॅटरी इलेक्ट्रॉन ढकलते ते ऋण टोकातून, म्हणून ज्या वस्तूवर तांबे बसवायचे ती ऋण टोकाला जोडायची. चमचा झाला ऋणाग्र. दुसरीकडे तांब्याची पट्टी धन टोकाला जोडतात. बॅटरी तिच्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि पट्टीतले तांबे आयन होऊन द्रावणात उतरते. पट्टी झाली धनाग्र. जितके तांबे चमच्यावर बसते, जवळपास तितकेच पट्टीतून सुटते, म्हणून द्रावणाचा निळा रंग फिका पडत नाही. धनाग्राला तांब्याऐवजी पेन्सिलमधली शिशाची कांडी, म्हणजे ग्रॅफाइट, लावले तर द्रावणाला तांब्याची भरपाई मिळत नाही. कांडीवर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि निळा रंग हळूहळू उतरतो.

धन-ऋण चिन्हांवर विसंबले तर एका ठिकाणी फसगत होते. टॉर्चमधला साधा सेल वीज देत असतो तेव्हा त्याचे जस्ताचे भांडे इलेक्ट्रॉन सोडून झिजत असते, म्हणून सेलच्या आत ते धनाग्र ठरते. बाहेरून पाहता मात्र तेच त्याचे ऋण टोक असते. त्यामुळे चिन्हापेक्षा क्रिया पाहणे भरवशाचे. इलेक्ट्रॉन जिथे सुटतात ते धनाग्र, जिथे घेतले जातात ते ऋणाग्र. मायकेल फॅरेडेने 1834 मध्ये ही नावे रूढ केली आणि तेव्हापासून ही व्याख्या सेलला आणि मुलाम्याच्या भांड्याला सारखीच लागू पडते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करायचा तर चमचा पितळी घ्यावा. पिवळ्यावर तांबडा रंग लगेच दिसतो आणि थर चांगला धरतो. साधे लोखंड घेतले तर वीज सुरू होण्याआधीच विळ्यासारखा भुसभुशीत थर बसतो आणि पुढचा सगळा मुलामा त्या कच्च्या पायावर उभा राहतो. स्टेनलेस स्टीलची अडचण वेगळी आहे. त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, म्हणून तांबे चढते पण पकड घेत नाही आणि सालीसारखे सुटते. कारखान्यांत त्यावर आधी आम्लयुक्त द्रावणातून निकेलचा पातळ थर देतात.

चमचा चिंचेने घासून, मग साबणाने धुऊन तेलाचा अंश काढावा. पाणी सलग पसरले तर चमचा स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटले तर पुन्हा घासावे. फसलेल्या मुलाम्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि धुतलेल्या भागाला बोट लागले तरी तेवढी जागा रुसून बसते. मग 250 मिलिलिटर पाण्यात 50 ग्रॅम प्रयोगशाळेच्या दर्जाचे मोरचूद विरघळवावे आणि शिक्षकांनी त्यात थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल घालावे. तांब्याची पट्टी चमच्याभोवती अर्धगोल वाकवावी, नाहीतर पट्टीकडची बाजू जाड आणि मागची बाजू उघडी राहते. दीड व्होल्टचा सेल, ॲमीटर आणि सरकता रोध जोडून विद्युतधारा 0.2 ॲम्पिअर ठेवावी.

अर्ध्या तासात किती तांबे बसेल, हे आधीच काढता येते. 0.2 ॲम्पिअर गुणिले 1800 सेकंद म्हणजे 360 कूलोम प्रभार. एक मोल इलेक्ट्रॉनांना सुमारे 96,500 कूलोम लागतात आणि तांब्याच्या प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन. हिशेब करता साधारण 0.12 ग्रॅम तांबे येते. बुडालेला पृष्ठभाग 40 चौरस सेंटिमीटर धरला, तर थराची जाडी मिलिमीटरच्या एक हजारांश भागाच्या तिपटीहून थोडी जास्त भरते. सोनाराच्या काट्यावर दोन्ही वस्तू आधी आणि नंतर तोलल्या, तर चमच्याचे वजन 0.12 ग्रॅमने वाढलेले आणि पट्टीचे तितकेच घटलेले दिसेल. कोणते धनाग्र याचा वाद मिटवायला याहून चांगला साक्षीदार नाही. घाई करून धारा खूप वाढवली, तर ऋणाग्राजवळचे आयन संपतात आणि थर काळपट, भुकटीसारखा येतो. जोडणीच उलटी झाली, तर पितळी चमचा झिजू लागतो आणि त्याचे जस्त द्रावण बिघडवते.

चांदीचा मुलामा द्यायचा तर मांडणी तीच, पट्टी मात्र चांदीची. चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन पुरतो आणि तिचा अणूही जड, म्हणून तितक्याच प्रभारात सुमारे 0.40 ग्रॅम चांदी बसते. पण सिल्व्हर नायट्रेटच्या साध्या द्रावणातून ती झाडाच्या फांद्यांसारखी मोकळी वाढते. गुळगुळीत थरासाठी चांदीचे आयन द्रावणात अगदी थोडे मोकळे राहावे लागतात, आणि ते काम सायनाइड करते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कुटुंबाने 1840 मध्ये याच पद्धतीचे पेटंट घेतले. जुन्या चमच्यांवर 'ईपीएनएस' असा ठसा दिसतो, त्याचा अर्थ जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेली चांदी. खुद्द जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते.

सायनाइड जीवघेणे विष आहे. त्यामुळे चांदीचा प्रयोग शाळेत किंवा घरी करू नये, तो परवाना असलेल्या कारखान्यांवरच सोडावा. तांब्याचा प्रयोग करताना हातमोजे आणि चष्मा घालावा. मुलामा दिलेला चमचा जेवायला वापरू नये, कारण ताक किंवा लोणच्यात तांबे उतरते. उरलेले निळे पाणी गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. नाव लिहिलेल्या बाटलीत भरून पुढच्या वर्गासाठी ठेवावे.