हुक कुठे अडकवायचा, ते विटेला विचारा

सकाळी आठला इमारतीच्या पायथ्याशी वीस-पंचवीस जण जमतात. कुणाची भाषा मराठी, कुणाची भोजपुरी, कुणाची तेलुगू. कित्येकांना वाचता येत नाही. त्यांच्यापुढे सूचनांचा कागद वाचून उपयोग नसतो. ‘बेल्ट घाला’ हे तर सगळ्यांना पाठच आहे. पण बेल्ट घातलेला माणूससुद्धा जमिनीवर आदळतो, कारण हुक पायाजवळच्या पाइपला अडकवलेला असतो. दहा मिनिटं मिळणार असतील तर ती सगळी या एका गोष्टीला द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब असा. बेल्टची दोरी २ मीटर. झटका सोसणारी घडीची पट्टी उसवत गेली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर, आणि खाली १ मीटर मोकळं हवं. म्हणजे हुकाखाली सव्वासहा मीटर. (बेल्टच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.)

हे आकडे कामगारांना सांगत बसू नका. तेवढी सुतळी कापा, टोकाला वीट बांधा आणि ५ मीटरवरच्या परांचीवर एकाला चढवा. मग बोला:

“भाऊ, सुतळी पायाजवळच्या पाइपला बांध. बघा रे, वीट कुठे आहे?”

वीट जमिनीवर पडलेली असते.

“ही वीट म्हणजे तुमचे पाय. आता डोक्यावरच्या पाइपला बांध.”

तो पाइप ७ मीटरवर. वीट जमिनीपासून पाऊण मीटर वर लोंबकळते. एवढं बघितल्यावर भाषांतर लागत नाही.

पुढचं वाक्य: “वीट टेकली, तर हुक तिथे नाही. वर जागा नसेल, तर काम थांबवा आणि मला हाक मारा.” ३ मीटरवरच्या फळीवर डोक्यावर हुक लावूनही वीट टेकतेच, तिथे कठडाच हवा. आडव्या दोराला हुक लावत असाल, तर दोराला पडणारा झोल वेगळा धरावा लागतो. आणि वरचा पाइपसुद्धा असा हवा की एका माणसाचा झटका सोसेल. नुसता तारेने बांधलेला बांबू चालणार नाही, हे हाताने हलवून दाखवा.

नंतर पट्टी हातात धरून शिवण दाखवा. थोडी जरी उसवली असेल, तर ती एकदा झटका खाऊन बसलेली आहे. ती बाजूला ठेवायची, पुन्हा वापरायची नाही.

शेवटी “समजलं का?” विचारू नका, सगळे मान डोलावतात. जो सगळ्यात मागे उभा आहे त्याला पुढे बोलवा, हुक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “दादा, तुम्ही लावून दाखवा.”