कढईतला आंब्याचा रस नव्वदला कधी पोहोचेल?

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यांत दिवसभर एकाच गोष्टीची वाट पाहिली जाते. पल्परमधून निघालेला रस कढईत पडतो. तो ८५ ते ९० अंशांपर्यंत तापला की गरम असतानाच डब्यांत भरायचा आणि डबे लगेच सील करायचे. पुढची माणसे, रिकामे डबे, सीलिंग मशीन असे सगळे त्या कढईवर अडून असते. रस तापायला किती वेळ लागेल याचा अंदाज बहुतेक ठिकाणी अनुभवाने बांधला जातो आणि तो अनेकदा चुकतो, कारण तापण्याचा वेग शेवटपर्यंत सारखा राहत नाही. पहिले तीस अंश झरझर चढतात, शेवटचे तीस मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवतात.

ही कढई दुहेरी भिंतीची असते. आतली भिंत स्टेनलेस स्टीलची. तिच्याबाहेर दुसरी भिंत आणि दोहोंमधल्या पोकळीला म्हणतात जॅकेट. बॉयलरची वाफ या जॅकेटात शिरते, आतल्या थंड भिंतीला लागून तिचे पाणी होते आणि हे पाणी तळाच्या स्टीम ट्रॅपमधून बाहेर पडते. प्रेशर गेजवर १ किलो दाब असेल तर वाफेचे पाणी साधारण १२० अंशांना होते. एक किलो वाफ तेवढ्यात सुमारे २,२०० किलोज्यूल उष्णता देऊन जाते आणि तरीही १२० अंशांवरच राहते. तेच एक किलो गरम पाणी १२० वरून ११० अंशांपर्यंत निवले तर जेमतेम ४२ किलोज्यूल देईल. म्हणून वाफेचे जॅकेट वरपासून खालपर्यंत आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकाच तापमानाला राहू शकते. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

आत जाणारी उष्णता ठरते ती वाफ आणि रस यांच्या तापमानांतल्या अंतरावर. रस ३० अंशांवर असताना हे अंतर ९० अंशांचे असते. रस ९० ला पोहोचेपर्यंत ते ३० वर येते, म्हणजे उष्णतेचा ओघही एक तृतीयांश उरतो. रस तापतो तसे अंतर घटते, अंतर घटते तसा तापण्याचा वेग घटतो. असा क्षणोक्षणी घटत जाणारा वेग बेरजेत धरला की गणितात लॉगॅरिदम येतो आणि हे सूत्र मिळते:

t = (M·c / U·A) · ln[(Ts − T1) / (Ts − T2)]

यात M म्हणजे कढईतल्या मालाचे वजन आणि c म्हणजे त्याची विशिष्ट उष्णता. A हे मालाला लागलेल्या तापत्या भिंतीचे क्षेत्रफळ. Ts वाफेचे तापमान, T1 मालाचे सुरुवातीचे तापमान आणि T2 हवे असलेले. राहिला U. पुस्तकात त्याला एकूण उष्णता-संक्रमण गुणांक म्हणतात, कारखान्यात यू व्हॅल्यू. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट उष्णता पलीकडे जाते ते हा आकडा सांगतो.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. अर्धगोल कढई, काठोकाठ ५०० लिटर मावणारी. तिची त्रिज्या ६२ सेंटिमीटर येते आणि आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. आधी रस नको, साधे पाणी घेऊ. ढवळणी चालू असताना यू व्हॅल्यू ५०० धरली तर सूत्रातला पहिला भाग, म्हणजे ५०० किलो गुणिले ४,१९० भागिले ५०० गुणिले २.४, हा १,७४६ सेकंद म्हणजे सुमारे २९ मिनिटे येतो. कढईचा हा स्वतःचा काळ आहे. तापमानाची अंतरे ९० आणि ३०, त्यांचे गुणोत्तर ३, तीनचा नैसर्गिक लॉग १.१. उत्तर आले ३२ मिनिटे.

या ३२ मिनिटांची वाटणी पाहण्यासारखी आहे. ३० ते ६० अंश या टप्प्याला १२ मिनिटेही लागत नाहीत, ६० ते ९० ला मात्र २० लागतात. अंश तितकेच, उष्णता तितकीच, पण वेळ पावणेदोन पट. पहिल्या काही मिनिटांचा वेग पाहून कुणी गणित मांडले तर तो वीस मिनिटांत ९० गाठण्याची आशा धरून बसेल. लॉगमुळे आणखी एक सोय होते. अंतर निम्मे व्हायला लागणारा काळ नेहमी सारखाच असतो, मग ते ९० चे ४५ होवो की ६० चे ३०. या कढईत तो २० मिनिटांचा आहे.

पाण्याच्या जागी आंब्याचा रस आला की चित्र पालटते. रसाची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, ३,७५० च्या आसपास; म्हणजे ५०० किलो रसाला उष्णता कमीच लागते. तरी तो उशिरा तापतो, कारण यू व्हॅल्यू कोसळते. वाफेपासून रसापर्यंत उष्णतेला तीन अडथळे ओलांडावे लागतात: भिंतीवर जमलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा, स्टीलची जाडी आणि आतल्या बाजूला भिंतीला चिकटून राहिलेला, जवळजवळ न हलणारा मालाचा थर. पाण्याच्या बाबतीतही एकूण अडथळ्यापैकी चार पंचमांश या तिसऱ्या थराचा असतो. रस दाट, त्यामुळे त्याचा थर जाड आणि हट्टी. यू व्हॅल्यू २५० धरली तर वेळ ५७ मिनिटांवर जातो. उत्तम वाफ किंवा पातळ भिंत यांनी इथे फारसे साधत नाही. भिंत घासत फिरणारी ढवळणीच कामाला येते, कारण ती नेमका तो थर उचलून मध्यभागी टाकते.

घाईच्या वेळी मोह होतो तो वाफेचा दाब वाढवण्याचा. २ किलो दाबाला वाफ साधारण १३३ अंशांची होते आणि सूत्राप्रमाणे ५७ मिनिटांची ४५ होतात. पण भिंतही तितकीच गरम होते आणि तिला चिकटलेला रस करपतो. करपलेल्या थराची जाडी अर्धा मिलिमीटर झाली तरी तो पुरेसा अडथळा आहे: २५० ची यू व्हॅल्यू २०० च्या आसपास उतरते, म्हणजे पुढच्या घाण्याला वेळ सव्वापट. दाब वाढवून मिळवलेली मिनिटे तिथेच खर्ची पडतात आणि रसाचा रंग, वास बिघडतो तो वेगळाच. हापूसच्या रसात हे नुकसान सर्वांत महागाचे.

सूत्र चुकल्यासारखे वाटते तेव्हा बहुधा त्याचे एखादे गृहीतक मोडलेले असते. सगळ्यांत जास्त वेळा मोडते ते वाफ स्थिर राहण्याचे. पाण्याच्या उदाहरणात पहिल्या क्षणी कढई १०८ किलोवॅट ओढते, म्हणजे तासाला सुमारे १७७ किलो वाफ. शेवटी तिला ५९ किलोच्या वेगाने वाफ पुरते. बॉयलर तासाला १०० किलोचा असेल तर तो सुरुवातीला पुरा पडत नाही. गेजचा काटा खाली येतो आणि जॅकेट १२० अंशांवर राहतच नाही. तोवर तापण्याचा वेग बॉयलर ठरवतो, कढई नव्हे. माल साधारण ६९ अंशांना पोहोचला की बॉयलर मागणीशी जुळतो आणि तिथून पुढे सूत्र लागू पडते. पहिल्या टप्प्याला २२ मिनिटे, दुसऱ्याला १५. ३२ ऐवजी जवळपास ३८.

दुसरा दोष गेजवर दिसत नाही. सकाळी पहिल्यांदा वाफ सोडली की जॅकेटात आधीपासून असलेली हवा तिथेच अडकून राहते. गेज १ किलो दाखवतो, पण त्यातला काही दाब हवेचा असतो. दहावा हिस्सा हवा असली तर वाफेचे तापमान १२० ऐवजी ११७ च होते. त्याहून वाईट म्हणजे वाफ भिंतीवर जाऊन पाणी होते आणि हवा तिथेच मागे उरते, भिंतीलगत साचते आणि वाफेची वाट अडवते. थोडीशी हवासुद्धा फार नुकसान करते ती यामुळे. गेजशेजारी थर्मामीटर असला तर दाब आणि तापमान जुळत नसल्याचे कळते. सुरुवातीला एअर व्हेंट उघडी ठेवून हवा घालवणे हा यावरचा उपाय.

स्टीम ट्रॅप अडकला तर जॅकेट खालून पाण्याने भरू लागते. अर्धगोलाची भूमिती इथे निष्ठुर आहे: गोलाच्या भिंतीचे क्षेत्रफळ उंचीच्या थेट प्रमाणात असते. पाणी अर्ध्या उंचीपर्यंत चढले की बरोबर निम्मी भिंत वाफेपासून तुटते. कढई अर्ध्या उंचीपर्यंतच भरली तर हाच नियम उलट बाजूने मदत करतो. निम्मी भिंत कामाला येते, पण माल ३१ टक्केच असतो, म्हणून तो ६२ टक्के वेळात तापतो. वरच्या कोरड्या भिंतीवर उडालेले शिंतोडे मात्र जळून काळे होतात.

हे सारे ओळखण्यासाठी घड्याळ, थर्मामीटर आणि वही पुरे. हंगाम सुरू होण्याआधी धुतलेल्या कढईत मोजून ५०० लिटर पाणी भरावे, हवा घालवावी, दाब १ किलोवर स्थिर करावा आणि झाकण ठेवावे, कारण उघड्या पृष्ठभागावरून, विशेषतः ८० अंशांच्या पुढे, बाष्पीभवनाने बरीच उष्णता निघून जाते. मग दोन वेळा टिपाव्यात: ३० ते ७५ अंश जायला लागलेला आणि ६० ते ९० जायला लागलेला. दोन्ही टप्प्यांत अंतर निम्मे होते, म्हणून दोन्ही वेळा सारख्या यायला हव्यात. पहिली लांबली तर बॉयलर कमी पडतोय किंवा हवा अडकली आहे. दुसरी लांबली तर उष्णता वरून निसटते आहे किंवा ट्रॅपच्या अडचणीने जॅकेटात पाणी साचत चालले आहे. दोन्ही सारख्या, पण २० ऐवजी २५ मिनिटांच्या आल्या तर सूत्र उलटे फिरवून यू व्हॅल्यू ५०० वरून ४०० वर आल्याचे कळते आणि मग भिंतीवरचा थर शोधायचा. कढईचे आणि ढवळणीचे स्टीलही तापावे लागते, त्यासाठी पाच-सहा टक्के वेळ जास्त धरावा.

हीच चाचणी हंगामाच्या मध्यावर, एखाद्या रात्रीच्या धुलाईनंतर पुन्हा करता येते. पाणी तेच, दाब तोच, म्हणून वेळेत पडलेला फरक सरळ कढईचा. सूत्रात U वेळेच्या व्यस्त प्रमाणात आहे, त्यामुळे लॉगची सारणीही लागत नाही: आधीच्या मिनिटांना आताच्या मिनिटांनी भागले की कढईची किती क्षमता शिल्लक आहे ते टक्क्यांत मिळते.