वहीचा फोटो आणि एकच प्रश्न

मुलांनो, रात्री गणित अडलं की पानाचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'सर, हे येत नाही.' काय येत नाही, ते मला त्यावरून कळत नाही. मग मी पूर्ण गणित सोडवून पाठवतो आणि तुमची अडचण तशीच राहते.

दहावीचं एक उदाहरण घेऊ: 2x² − 7x + 3 = 0, सूत्र वापरून सोडवा. पुस्तकातलं उत्तर 3 आणि 1/2 आहे, तुमचं मात्र −3 आणि −1/2 येतं. अशा वेळी एवढंच लिहा: 'b² − 4ac = 25 आलं. पुढे माझी दोन्ही उत्तरं ऋण का येतात?' हे वाचून मी थेट पुढच्या ओळीवर जातो. b = −7 आहे, म्हणजे −b = 7; तुम्ही तिथे −7 ठेवलं आहे. बाकी सगळं बरोबर आहे.

पण ती ओळ फोटोत हवी. पुष्कळ जण फक्त छापील प्रश्नाचा फोटो काढतात. मला त्याहून तुमची खोडलेली, अर्धवट पायरी जास्त हवी असते. वही सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा, हाताची सावली पडू देऊ नका. पाठवण्याआधी फोटो मोठा करून पाहा: पुसट पेन्सिलीत वजाचं चिन्ह आणि वरचा छोटा 2 हेच आधी नाहीसे होतात. अडलेल्या ओळीला पेनानं गोल करा.