मशीन आले, इंजिनीयर कधी येणार?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले एखादे छोटे वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. साडेपाच टनांचे व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमनुसार धातू कापणारे मशीन, ट्रकमधून उतरते आणि मालक लगेच कंपनीला फोन लावतो, ‘इंजिनीयर पाठवा.’ कंपनी आधी जागेच्या तयारीचा तक्ता भरून मागते. पुष्कळ जण सगळ्या रकान्यांत ‘हो’ लिहून तो परत करतात. मग इंजिनीयर येतो, वीज नाही म्हणून रिकाम्या हाताने जातो आणि त्या फेरीचे बिल मालकाला भरावे लागते.

खरे तर तारीख ठरवते ते सर्वांत रेंगाळणारे काम. समजा, मशीन १० मार्चला आले. पायाचे काँक्रीट १ मार्चला ओतलेले. ते अपेक्षित ताकदीला यायला साधारण २८ दिवस धरतात, म्हणजे २९ मार्च. मालक ३० तारीख मागतो. पण वर्कशॉपचा वीजभार अपुरा आहे. महावितरणची वाढीव भाराची मंजुरी ५ एप्रिलला हातात पडली, तरी नवा मीटर बसून पुरवठा सुरू होतो १२ एप्रिलला. केबल आणि अर्थिंग तपासायला दोन दिवस धरले, तर कळवण्याजोगी तारीख १५ एप्रिल. मंजुरीच्या कागदावर मशीन चालत नाही.

अर्थिंगच्या रकान्यात ‘केले आहे’ लिहून काहीच कळत नाही. वर्कशॉपमधली इतर यंत्रे चालू ठेवून, इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा, अशी कंपन्यांची सर्वसाधारण अपेक्षा असते. आठ-दहा व्होल्ट दिसले, तर अर्थ पिट कोरडा पडला आहे, जोड सैल आहे किंवा तीन फेजांवरचा भार असमान आहे, असा संशय घ्यावा. अशा पुरवठ्यावर ड्राइव्ह अधूनमधून अलार्म देतात आणि दोष मशीनच्या माथी येतो.

आत न्यायचा रस्ताही असाच फसवतो. मशीन २.७ मीटर उंच आणि शटरखाली ३ मीटर मोकळे, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण मशीन हायड्राच्या हुकाला लटकते तेव्हा वर पट्टे आणि बूम असतात. तेवढी उंची शटरखाली मिळत नाही. मग मशीन दाराशी टेकवून रोलरवर आत ढकलावे लागते. त्यासाठी उंबरा सपाट हवा आणि वाटेतल्या गटारावर जाड लोखंडी प्लेट हवी. आत गेल्यावर मागच्या विद्युत पॅनेलचे दार पूर्ण उघडेल आणि चिप कन्व्हेयर बाहेर ओढता येईल, एवढी जागा राहिली पाहिजे.

तारीख कळवणाऱ्या ईमेलला मीटरच्या रीडिंगचे आणि दाराचे फोटो जोडावेत. हवेचा दाब, भरायच्या तेलाचा ग्रेड आणि त्या दिवशी हजर राहणाऱ्या ऑपरेटरचे नावही लिहावे. वाहतुकीसाठी लावलेले लॉक मात्र इंजिनीयर येईपर्यंत कोणीही काढू नयेत. आणि वॉरंटी कधी सुरू होते ते करारात आधीच पाहावे. काही करारांत ती मशीन बसवल्यापासून किंवा माल पाठवल्यानंतर ठरावीक महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हापासून मोजतात.