गळ्यातली बॅटरी, कानातली बॅटरी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं तासन्‌तास मोबाइलवर व्याख्यानं ऐकत बसलेली असतात. कुणाच्या गळ्यात नेकबँड असतो, कुणाच्या वहीशेजारी इअरबड्सची गुळगुळीत डबी. हजार-दीड हजार रुपयांत दोन्ही मिळतात, आणि डबी जास्त देखणी दिसते हे मान्यच करायला हवं. पण घरून महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्या मुलाने विकत घेताना आधी पाहायची गोष्ट म्हणजे बॅटरी कुठे बसवली आहे.

नेकबँडची बॅटरी मानेवरच्या पट्टीत असते. तिथे जागा ऐसपैस, त्यामुळे २०० एमएएचच्या आसपासची बॅटरी सहज मावते. इअरबड्समध्ये तीच सोय कानाच्या पोकळीत करावी लागते. प्रत्येक बडमध्ये साधारण ४० एमएएचची, शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी बसते, आणि प्रत्येक बडला स्वतःचा ब्लूटूथ संचही पोसावा लागतो. खोक्यावर ‘४० तास’ छापलेलं असतं, त्यात डबीतली बॅटरी धरलेली असते. एका दमात बड चालतात चार-सहा तास.

आता हिशोब करू. एक मुलगी रोज चार तास ऐकते असं धरा. नेकबँड एका चार्जिंगमध्ये वीस तास चालला, तर तो दर पाच दिवसांनी चार्ज होईल, म्हणजे वर्षाला सुमारे ७३ वेळा. पाच तास चालणारे बड मात्र रोज ऐंशी टक्के रिकामे होऊन पुन्हा भरतात, म्हणजे वर्षाला जवळपास २९० पूर्ण फेऱ्या. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. शिवाय बड डबीत टाकले की ते बराच काळ शंभर टक्क्यांवर पडून राहतात, आणि या बॅटरीला भरलेल्या अवस्थेत पडून राहणं मानवत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षात ‘डावा आधी बंद पडतो’ ही तक्रार सुरू होते. फोनवर बोलताना ज्या बडचा माइक चालू असतो तो जास्त झिजतो, त्यामुळे दोघं बरोबरीने म्हातारे होत नाहीत.

अर्थात डावा बड चार्जच होत नसेल, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नये. बडच्या आणि डबीच्या पितळी टोकांवर घाम आणि कानातला मळ बसतो. कोरड्या कापसाने ती टोकं पुसून पाहावीत. पुसूनही बड उठला नाही, तर मात्र उपाय जवळपास संपला. बड डिंकाने चिकटवून बंद केलेले असतात. २०१६च्या पहिल्या एअरपॉड्सना आयफिक्सिट या कंपनीने दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते, आणि स्वस्त बडही खोलायला फारसे सोपे नसतात. एक बड हरवला, तर सुटा मिळणं आणि जुन्याशी जुळणं हीच मोठी खटपट होते.

नेकबँडचं दुखणं वेगळं. त्याची वायर तुटते, तीही बहुतेकदा ती कानातल्या तुकड्यात शिरते तिथे किंवा पट्टीतून बाहेर पडते तिथे. वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो, तेव्हा समजावं की बिघाड तिथेच आहे. मोबाइल दुरुस्तीवाला ती जोडू शकतो, पण या तारांना इनॅमलचा मुलामा दिलेला असतो. तो जाळून काढल्याशिवाय कथील धरत नाही, म्हणून घाईत केलेलं डाग-काम आठवड्यात सुटतं. आणि बॅगेचा पट्टा गळ्यातल्या वायरवरून ओढायची सवय आधी सोडायला हवी. कुठल्याही वायरचं आयुष्य त्याच धक्क्यांनी संपतं.

माइकच्या बाबतीत खोक्यावरची अक्षरं फसवतात. ‘ईएनसी’ म्हणजे समोरच्याला तुमच्या आजूबाजूचा गोंगाट कमी ऐकू जातो. तुमच्या कानावर पडणारा पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज त्याने शांत होत नाही. ते काम ‘एएनसी’चं. स्वस्त वस्तूंमध्ये एएनसी असलाच, तर पंख्याची घरघर कमी करतो, शेजारच्याची कुजबुज नाही. त्यापेक्षा खोक्यातल्या तीन मापांच्या रबरी टोप्यांपैकी कानात घट्ट बसणारी निवडली, तर फुकटात जास्त फरक पडतो.

इतकं असूनही बड्सची बाजू दोन ठिकाणी खरी आहे. कुशीवर झोपून ऐकणाऱ्याला गळ्यातली पट्टी टोचते. आणि एकच बड लावून दुसरा डबीत ठेवता येतो, पुढच्या तासाला अदलाबदल करता येते. व्याख्यान एका कानाने ऐकायला काही अडत नाही, शिवाय कुणी हाक मारली तर ऐकूही येते. ज्याला हे रोज करायचं आहे त्याने बड्स जरूर घ्यावेत, फक्त एका दमात किती तास चालतात तो आकडा दुकानदाराला विचारून, आणि दोन्ही बड वेगवेगळे जोडून ऐकूनच. बाकी सगळ्यांनी नेकबँड घ्यावा आणि वॉरंटीचं बिल जपून ठेवावं.