धरणातून झिरपणारं पाणी धोक्याचं कधी? आधी रंग बघा!

कर्जतच्या पाली-भूतिवलीसारख्या मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. पायथ्याशी ते किती जोराने बाहेर पडतं, हे महत्त्वाचं.

त्यासाठी अभियंते ‘फ्लो नेट’ काढतात. पाण्याच्या वाटा आणि समान दाबाच्या रेषा काटकोनात छेदून चौकोनांची जाळी बनते. समजा, दोन्ही बाजूंच्या पाणीपातळीत २० मीटरचा फरक आहे आणि जाळीत १० टप्पे आहेत. म्हणजे प्रत्येक टप्प्यात २ मीटर दाब खर्च होतो. शेवटचा चौकोन ४ मीटर लांब असेल तर तिथला जलीय उतार ०.५. बारीक वाळूत तो १ च्या आसपास गेला की कण उचलले जातात. पाण्याबरोबर माती वाहून जाते आणि पोकळी बाहेरून जलाशयाकडे मागे सरकत जाते. हेच ‘पायपिंग’. म्हणून स्वच्छ पाण्यापेक्षा गढूळ पाणी धोक्याचं.

चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, त्यावर राज्यभर टीका झाली. बिळामुळे पाण्याची वाट आखूड होते हे खरं, पण गाळणीचा थर नीट असेल तर माती तिथेच अडते.